नेमाने घेतलेली खोटी कॅप्सूल

वैद्यकीय विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवताना सहसंबंधाच्या तासाला मी बहुतेकदा एकच अभ्यास काढतो, अमेरिकेतला ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर त्यात कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधे तपासली होती.

१. आधी अर्धेच आकडे दाखवावेत. क्लोफायब्रेट मिळालेल्यांपैकी ज्यांनी किमान ८० टक्के कॅप्सूल नेमाने घेतल्या, त्यांच्यातले पाच वर्षांत १५ टक्के दगावले. हयगय करणाऱ्यांतले जवळजवळ २५ टक्के. औषधाचा गुण आला, असे वर्ग एकमुखाने सांगतो. त्यांचे चुकत नाही. आकडे तसेच बोलतात.

२. मग उरलेले अर्धे. काही जणांना औषधच नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या कॅप्सूल दिल्या होत्या. त्यांच्यात नेमाने घेणारे १५ टक्के गेले, हयगय करणारे २८ टक्के. वर्गात शांतता पसरते. जिच्यात औषधच नाही, तिने एवढी माणसे वाचवली असतील?

३. अशा वेळी नेम आणि आयुष्य यांच्यामागे तिसरे काही आहे का, ते शोधावे. कॅप्सूल न चुकवणारा माणूस बहुधा पथ्यही पाळतो आणि दुखले की डॉक्टरकडे जातो. शिवाय बाण उलटाही असू शकतो, हे मुलांना सहसा सुचत नाही. तब्येत ढासळत चाललेल्याचे कॅप्सूल घेणेच आधी सुटते; म्हणजे कॅप्सूल सुटली म्हणून तो खालावला असे नसून खालावला म्हणून ती सुटली.

४. ‘सगळे घटक हिशेबात धरले आहेत’ या वाक्याला मी तरी बिचकतो. इथेही संशोधकांनी सुरुवातीला नोंदवलेले चाळीस घटक धरून खोट्या कॅप्सूलचे आकडे पुन्हा मांडले. फरक १६ विरुद्ध २६ एवढा उरलाच! जे मोजले तेवढेच वजा करता येते. माणसाचा स्वभाव कुठल्या रकान्यात लिहिणार?

५. निवाडा करायचा तर माणसाने स्वतः काय निवडले, यावरून गट पाडू नयेत. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले, की पथ्य पाळणारे आणि बेफिकीर दोन्हीकडे साधारण सारखे वाटले जातात. या अभ्यासात औषधाची वाटणी तशीच झाली होती. कोणी किती कॅप्सूल घेतल्या हे न बघता सगळ्यांना मोजले, तर क्लोफायब्रेटच्या गटात २०.० टक्के मृत्यू आणि खोट्या कॅप्सूलच्या गटात २०.९. म्हणजे फरक नाहीच म्हणा.

६. म्हणून सहसंबंध टाकाऊ ठरत नाही. कोण जास्त धोक्यात आहे एवढेच ओळखायचे असेल, तर कॅप्सूल चुकवण्याची सवय ही उत्तम खूण आहे. असा रुग्ण दिसला की डॉक्टरने त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावे. मात्र त्याच्या मागे लागून तीच खोटी कॅप्सूल रोज गिळायला लावली तर तो जगेल, हे या आकड्यांतून निघत नाही.