फलकावरील कार्ड कोणी हलवावे?

संगणकप्रणाली तयार करणाऱ्या अनेक तुकड्या 'स्क्रम' पद्धतीने काम करतात. एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीच्या टप्प्याला तेथे 'स्प्रिंट' म्हणतात. प्रत्येक कामाचे एक कार्ड असते आणि ते फलकावर 'करावयाचे', 'चालू', 'तपासणीत', 'पूर्ण' अशा रकान्यांतून पुढे सरकते. हा फलक अचूक ठेवण्याचे काम प्रॉडक्ट ओनरचे की स्क्रम मास्टरचे, याविषयी पुष्कळदा घोटाळा होतो.

केन श्वेबर व जेफ सदरलँड यांच्या २०२० च्या स्क्रम मार्गदर्शिकेत जबाबदाऱ्या वाटून दिलेल्या आहेत. कोणती कामे हवीत, त्यांचा क्रम काय आणि कार्डावरील मजकूर सर्वांना समजतो की नाही, हे प्रॉडक्ट ओनरने पाहावयाचे. स्प्रिंटसाठी घेतलेल्या कामांची सद्यःस्थिती मात्र ती कामे करणाऱ्या डेव्हलपरांनीच नोंदवावयाची. मग स्क्रम मास्टरकडे काय उरते? फलक चुकत असेल तर तो का चुकतो हे शोधणे आणि अडथळे दूर होतील असे पाहणे. स्वतः कार्डे सरकविणे हे त्याचे काम नव्हे.

समजा, एका नगरपरिषदेच्या प्रणालीत घरपट्टीची पावती उतरवून घेण्याची सोय करावयाची आहे. तिचे कार्ड पाच दिवस 'चालू' रकान्यातच आहे. वस्तुतः प्रोग्रॅम लिहून झाला असून चाचणीच्या सर्व्हरवर प्रवेश न मिळाल्यामुळे काम अडले आहे. फलक नीटनेटका दिसावा म्हणून स्क्रम मास्टर सायंकाळी ते कार्ड 'तपासणीत' नेतो. प्रॉडक्ट ओनर ते पाहून मुख्याधिकाऱ्यांना गुरुवारचा शब्द देतो. गुरुवारी हाती काहीच पडत नाही. स्क्रम मास्टरने कार्ड जागीच ठेवून त्यावर अडथळ्याची खूण करावयास सांगितले असते व प्रवेशासाठी धावपळ केली असती, तर पहिल्याच दिवशी खरी स्थिती कळली असती.

प्रॉडक्ट ओनरकडूनही अशीच चूक घडते. प्रात्यक्षिक पाहून समाधान झाले की तो कार्ड 'पूर्ण'मध्ये टाकतो. परंतु पूर्ण कशास म्हणावे, याच्या अटी तुकडीने आधीच ठरविलेल्या असतात. त्यांत तपासणीची अट असेल आणि ती राहिली असेल, तर पसंतीने काम पूर्ण होत नाही. स्प्रिंट संपेपर्यंत ते तसेच राहिले, तर कार्ड पुन्हा मूळ यादीत जाते आणि तेथे त्याचा क्रम लावण्याचा अधिकार प्रॉडक्ट ओनरचाच असतो.

हा घोटाळा ओळखावयाचा कसा? रोजच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीपूर्वी घाईने सगळी कार्डे हलत असतील, अथवा स्क्रम मास्टर रजेवर जाताच फलक थांबत असेल, तर नोंदी काम करणाऱ्यांच्या हातून होत नाहीत, असे खुशाल समजावे. बैठकीत स्क्रम मास्टर एकेका कार्डाचा जाब विचारू लागला, की हजेरीपटाला उत्तर द्यावे तशी उत्तरे मिळतात, आणि सर्व्हरचा प्रवेश अडल्याची गोष्ट त्यांत कोणी बोलून दाखवीत नाही.