राहूनच गेलं

पालकहो,

मूल शाळेतून येतं, दप्तर कोपऱ्यात टाकतं आणि म्हणतं, "मी आता तिच्याशी बोलणारच नाही." त्यावर आपल्या तोंडून जे पहिलं वाक्य निघतं, तेवढ्याबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे. त्यासाठी एक छोटी गोष्ट सांगते. गोष्ट आणि तिच्यातली नावं मी रचलेली आहेत, पण तिच्यात घडतं ते पुष्कळ घरांत घडतं.

अर्चना आणि वैशाली एकाच वर्गात. दहावीची परीक्षा १९९९ च्या मार्चमधली. भूमितीच्या पेपरला चार दिवस असताना वैशालीने अर्चनाची रचनांची वही नेली. आदल्या संध्याकाळी परत देते म्हणाली. पेपरच्या दिवशी सकाळी वही अर्चनाच्या टेबलावर नव्हती. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं. पुढे एक साताऱ्यात राहिली, दुसरी लग्न होऊन नाशिकला गेली. २०२४ च्या दिवाळीआधी अर्चना आईकडे माळा आवरायला चढली, आणि त्या रात्री तिने व्हॉट्सॲपवर हा निरोप लिहिला.

अर्चना, शनिवार रात्री ९.१०
वैशाली, मी अर्चना. दहावीच्या ग्रुपवरून तुझा नंबर घेतला. आज माळ्यावर बाबांच्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात माझी भूमितीची वही सापडली. परीक्षेआधी तू नेली होतीस ती. तू ती परत आणून दिली होतीस का? मला माहीत नव्हतं, म्हणून विचारतेय.

खाली वहीचा फोटो. थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी आलं.

वैशाली, रविवार दुपारी १.४०
हो. पेपरच्या आदल्या रात्री आले होते. साडेआठ-पावणेनऊ झाले असतील. लाईट गेले होते. काकांनी दार उघडलं, हातात मेणबत्ती होती. म्हणाले, "अर्चू झोपलीय, पहाटे उठायचंय तिला. दे, मी ठेवतो." मी वही दिली आणि गेले.

अर्चना
मला कुणी सांगितलंच नाही गं.

वैशाली
ते मला आत्ता कळतंय.

वैशाली
सकाळी केंद्रावर मी तुला हात केला होता. तू मान फिरवलीस. पेपर सुटल्यावर म्हणालीस, "आता काय हवंय? झालं ना तुझं काम?" कसलं काम, ते मला कळेना.

अर्चना
वही मुद्दाम ठेवून घेतलीस असं वाटलं होतं. त्या सकाळी मी रडत होते, तेव्हा आई म्हणाली, "तिला पहिली यायचंय. म्हणून सांगते, वही कुणाला देऊ नये." ते डोक्यात घेऊनच मी पेपरला आले.

वैशाली
आणि मला वाटलं, मी तुमच्याकडे आलेलं काकांना आवडत नाही. म्हणून दारातूनच परत पाठवलं. माझे बाबा शिलाईचं काम करायचे, तुझे बाबा सरकारी नोकरीत. घरी मी रडले तेव्हा आई म्हणाली, "त्यांना आपली बरोबरी नको असेल. पुन्हा जाऊ नकोस त्यांच्याकडे."

यानंतर तासभर कुणीच काही लिहिलं नाही. अर्चनाने एक निरोप पाठवला आणि लगेच काढून टाकला. वैशालीच्या फोनवर तो डिलीट झाल्याची ओळ तेवढी राहिली. मग हा आला.

अर्चना, रविवार दुपारी ४.०५
बाबांना विचारून आले. त्यांना सगळं आठवतंय, मेणबत्तीसकट. वही त्यांनी कपाटावरच्या कागदांवर ठेवली. पहाटे पहिल्या एसटीने ते कामावर गेले. आठवड्याने जेवताना आईने वहीचा विषय काढला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पण माझा एक पेपर बाकी होता. म्हटलं, पेपर संपल्यावर सांगू. पुढे ते कागद बांधून माळ्यावर गेले, आणि त्यांच्याच शब्दांत सांगते, "राहूनच गेलं."

वैशाली
काका कसे आहेत?

अर्चना
ऐकू कमी येतं. आज विचारल्यावर बराच वेळ गप्प बसून होते.

अर्चना
हे बाबांचं झालं. माझं वेगळं आहे. पेपर सुटल्यावर तुला जे बोलले, ते मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. "वही कुठंय?" एवढंही मी तुला विचारलं नाही. चुकलं माझं. माफ कर.

वैशाली
मीही विचारायला हवं होतं. सुट्टीत दोनदा तुमच्या कोपऱ्यापर्यंत सायकल आणली आणि परत फिरवली.

वैशाली
वहीचं शेवटून दुसरं पान उघड.

अर्चना
उघडलं. बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका.

वैशाली
तू केंद्र आणि तो बिंदू जोडलास, पण मध्यबिंदू नजरेने घेतलास. म्हणून दुसरं वर्तुळ सरकलं आणि स्पर्शिका किंचित आत गेली. शेजारी मी पेन्सिलने लंबदुभाजक काढून दाखवला होता. सकाळी बघशील असं वाटलं होतं.

अर्चना
आज बघितला. कंपासच्या टोकाचं भोकसुद्धा आहे अजून. पेपरात ही रचना आली होती का गं?

वैशाली
आठवत नाही. तू मान फिरवलीस ते आठवतं.

वैशाली
भाऊबीजेला येतेय माहेरी. काकांना सांग, या वेळी अर्चू झोपली असली तरी उठवा.

गोष्ट इथे संपते. तिच्यात वाईट माणूस एकही नाही. वडिलांनी मुलीची झोप जपली, दोन्ही आयांनी रडणाऱ्या लेकीची बाजू घेतली. तरीही दोन मुलींची मैत्री पंचवीस वर्षं माळ्यावर पडून राहिली. असं का झालं ते नीट पाहू या.

त्या सकाळी अर्चनाला दिसलं होतं एवढंच, की टेबलावर वही नाही. "वैशालीने मुद्दाम ठेवून घेतली" हे तिला वाटलं होतं. दिसलेलं आणि वाटलेलं यांत अजून थोडं अंतर होतं, आणि एका प्रश्नाने ते तसंच राहिलं असतं. आईच्या "तिला पहिली यायचंय" या वाक्याने ते अंतर मिटलं आणि मुलीच्या संशयाला घरातल्या मोठ्या माणसाचा शिक्का मिळाला. वैशालीच्या घरी तेच झालं. तिने पाहिलं होतं की काकांनी दारातच वही घेतली. बरोबरीचा अर्थ तिच्या आईने पक्का केला. दार एकच, मेणबत्ती एकच, पण दोन घरांत दोन वेगळे निकाल लागले. दोन्ही निकाल चुकीचे होते आणि दोन्ही मुलींना ते खरे वाटले, कारण ते आईने दिले होते.

म्हणून मूल रागाने घरी येईल, तेव्हा आधी एवढंच विचारा: "तू स्वतः काय पाहिलंस?" ते सांगून झालं की विचारा, "आणि तुला काय वाटलं?" पाचवी-सहावीच्या पुढच्या मुलाला कागदावर मधोमध रेघ मारून दोन्ही बाजूंना लिहायला सांगा. डावीकडे "वही आली नाही", उजवीकडे "तिने मुद्दाम ठेवली". डावी बाजू बहुतेक वेळा एका ओळीत संपते आणि उजवी पानभर जाते. मुलाच्या हे स्वतःच लक्षात येतं, आपल्याला उपदेश करावा लागत नाही. समोरच्या मुलाच्या स्वभावाबद्दल, घराबद्दल, आईवडिलांबद्दल त्या दिवशी आपण एक शब्दही बोलायचा नाही. मुलांचा राग दोन दिवसांत ओसरतो. आपलं वाक्य मात्र त्यांच्याजवळ राहतं, कारण राग ओसरला तरी आईबाबांचं बोलणं खोटं कसं ठरवायचं, हा पेच त्यांच्यापुढे उभा राहतो.

दुसरी गोष्ट वडिलांची. वही द्यायची विसरली, हे कुणाच्याही हातून होतं. नुकसान झालं ते आठवड्यानंतरच्या गप्प बसण्याने. त्या जेवणाच्या वेळी ते म्हणाले असते, "अगं, ती आली होती, वही माझ्याकडे आहे," तर अर्चना रागावली असती, रडलीही असती, आणि संध्याकाळी सायकल काढून वैशालीकडे गेली असती. परीक्षेच्या दिवसांत मुलाचं मन बिघडू नये म्हणून आपण अशा गोष्टी पुढे ढकलतो. पण त्या आठवडाभर मुलीचं मन बिघडलेलंच होतं, फक्त चुकीच्या माणसावर. शिवाय उशीर झाला की सांगणं आणखी जड होतं. "तेव्हाच का नाही सांगितलं?" या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि त्या भीतीने माणूस गप्पच राहतो.

अर्चनाचा पहिला निरोपही पुन्हा वाचा. कुठल्याही वयाच्या मुलाला तो शिकवता येईल. तिने काय सापडलं ते सांगितलं आणि एक प्रश्न विचारला. आरोप केला नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. ग्रुपवर सगळ्यांसमोर न लिहिता फक्त तिलाच लिहिलं. निळ्या खुणा दिसूनही दुसऱ्या दिवसापर्यंत "का बोलत नाहीस?" असं छेडलं नाही. माफी मागताना "पण बाबांनीच सांगितलं नाही ना" असं जोडलं नाही. बाबांची चूक एका निरोपात आणि स्वतःची चूक दुसऱ्या निरोपात लिहिली. मधला काढून टाकलेला निरोप बहुधा त्या "पण"चाच होता. त्या "पण"शिवाय लिहायला तिला वेळ लागला, आणि तेवढा वेळ लागणं स्वाभाविक आहे. तुमच्या मुलालाही तो वेळ द्या, त्याच्या वतीने समोरच्या पालकांना फोन करू नका. याला अपवाद एकच. मारहाण, धमकी किंवा सततचा छळ असेल तर तो गैरसमज नव्हे. तिथे मोठ्यांनी त्याच दिवशी मध्ये पडायचं.

एक विनंती करते. तुमच्या मुलासाठी कुणी दारात देऊन गेलेला निरोप, वही, डबा, एखादं "सॉरी" तुमच्याकडे राहून गेलं असेल, तर आज रात्री जेवायला बसण्याआधी ते त्याला सांगा.