क्वचित खपणाऱ्या सुट्या भागांच्या मागणीचा अंदाज

ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडला आणि इंजेक्टरचे नोझल भांडारात नसले, तर शेतकऱ्याचा वाफसा निघून जातो. उलट, भीतीपोटी सर्वच भाग भरून ठेवले तर सेवा संस्थेचे भांडवल फळीवर गंजत पडते. या भागांना अनेक आठवडे मागणीच नसते, आणि अंदाज चुकतो तो मुख्यतः याच शून्यांमुळे.

समजा, एका भांडारात वीस आठवड्यांत नोझलना चार वेळा मागणी आली : ४ थ्या आठवड्यात २, ९ व्यात ४, १५ व्यात ३ आणि २० व्यात ३. म्हणजे एका मागणीचे सरासरी प्रमाण ३ नग व दोन मागण्यांतील सरासरी अंतर ५ आठवडे होय. प्रमाणास अंतराने भागले असता आठवड्यास ०.६ नग हा अंदाज मिळतो.

यापुढे २७ व्या आठवड्यात ५ नग मागितले गेले. दर आठवड्यास जुन्या अंदाजात नव्या आकड्याचा पाचवा हिस्सा मिसळण्याची नेहमीची रीत वापरल्यास, मधल्या सहा शून्यांनी अंदाज ०.१६ पर्यंत घसरतो व मागणी येताच १.१३ वर उडी मारतो. नवी मागणी बहुधा अशाच वेळी नोंदविली जात असल्याने फाजील माल येतो.

जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत प्रमाण व अंतर निरनिराळे ठेवून, मागणी येईल तेव्हाच ते बदलतात. प्रमाण ३ व ५ मधील फरकाच्या पाचव्या हिश्शाने वाढून ३.४ होते, अंतर ५ वरून ५.४ होते. भागाकार ०.६३ येतो. हा आकडा किंचित जास्त येतो असे पुढे आढळले; म्हणून पाचवा हिस्सा घेतल्यास त्यास ०.९ ने गुणावे, म्हणजे ०.५७ उरतो.

माल येण्यास चार आठवडे लागत असल्यास त्या काळातील सरासरी मागणी सुमारे २.३ नग होईल. परंतु ही केवळ सरासरी आहे. गिऱ्हाईक एकदम ५ नगही मागते; तेव्हा निदान तेवढे शिल्लक असतानाच नवी मागणी पाठवावी.

दोन गोष्टींची दक्षता घ्यावी. माल नसल्यामुळे शेतकरी परत गेला, तर तो आठवडा शून्य न लिहिता त्याची मागणी नोंदवावी. एरव्ही टंचाईच खप नसल्याचे भासवील. दुसरे असे की, मागणी कायमची थांबली तरी या पद्धतीत अंदाज आपोआप उतरत नाही. सरासरी अंतराच्या तिप्पट काळ, येथे सुमारे सोळा आठवडे, कोरडा गेल्यास ते यंत्र परिसरात अजून चालते की नाही, याची प्रथम चौकशी करावी व मगच पुढील खरेदी करावी.