न्यूमरिकल नेमकं कुठे अडतंय?

बारावीच्या फिजिक्सच्या पेपरला महिना उरला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "थिअरी येते गं आई, न्यूमरिकल्स येत नाहीत." आणि आपण, ऑफिसातून दमून आलेल्या, खांद्यावरची पर्सही न उतरवता म्हणतो, "मग रोज वीस सोडव ना! सराव केल्याशिवाय कसं येईल?"

आपण सगळेच हे म्हणतो. त्यामागे काळजीच असते, दुसरं काही नाही. पण ज्याला एक उदाहरण सुटत नाही, त्याला वीस सोडव म्हणणं म्हणजे त्याच जागी वीस वेळा ठेचकाळायला सांगणं. चार दिवसांनी ते पोर वही उघडायचंच टाळू लागतं आणि आपल्याला वाटतं, आळशीपणा करतंय.

माझं स्वतःचं शिक्षण कॉमर्सचं. लेकीच्या वहीत डोकावून मला काय कळणार, असंच वाटायचं. पण एकदा तिच्याजवळ बसून तिला एक उदाहरण मोठ्याने बोलत सोडवायला सांगितलं, तेव्हा ध्यानात आलं की 'येत नाही' या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. प्रश्न नीट वाचला जात नाही. फॉर्म्युला आठवत नाही. युनिट बदलायचं राहतं. किंवा सगळं बरोबर लिहूनही आकडेमोडीत गाडी घसरते. चौघांचं औषध वेगळं आहे.

ते उदाहरण सांगतेच. एका धातूचं वर्क फंक्शन ४.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, तर थ्रेशोल्ड वेव्हलेंग्थ काढा. लेकीने फॉर्म्युला बरोबर लिहिला, किमती सुबक अक्षरात घातल्या, भागाकारही अचूक केला. उत्तर आलं ४.७३६ गुणिले दहाचा उणे सव्विसावा घात मीटर. पुस्तकातलं उत्तर वेगळंच. "बघ, येतच नाही मला," म्हणत तिने वही मिटली.

प्रत्यक्षात तिला ते जवळजवळ येत होतं. इलेक्ट्रॉन व्होल्टचे ज्यूल करायचे तेवढे राहिले होते. ते केल्यावर उदाहरण असं दिसतं:

φ = 4.2 × 1.6 × 10⁻¹⁹ = 6.72 × 10⁻¹⁹ J

λ₀ = hc/φ = (6.63 × 10⁻³⁴ × 3 × 10⁸) / (6.72 × 10⁻¹⁹)

λ₀ = (19.89 / 6.72) × 10⁻⁷ = 2.96 × 10⁻⁷ m = 2960 Å

आणि चूक पुस्तक न उघडताही पकडता आली असती. अणूचं केंद्रक साधारण दहाचा उणे पंधरावा घात मीटर एवढं असतं. प्रकाशाची वेव्हलेंग्थ त्याच्याही कित्येक पट लहान कशी येईल? ती काही हजार अँगस्ट्रॉमच्या घरातच यायला हवी. उत्तराकडे असं एकदा संशयाने बघायची सवय मुलांना कुणी लावत नाही. वर्षभर क्लासमध्ये पर्यायांचे प्रश्न सोडवायचे, चारांतला जवळचा पर्याय निवडायचा आणि पुढे पळायचं, मग ती लागणार तरी कधी?

म्हणून चार आठवड्यांतला पहिला आठवडा नवीन काही सोडवण्यात घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या वर्षांच्या आणि प्रीलिमच्या पेपरांतली मुलाने सोडवलेली, चुकलेली, अर्धवट सोडलेली न्यूमरिकल्स काढायची आणि प्रत्येकाच्या समासात एकच अक्षर लिहायचं. वाचताना चुकलं तर 'वा', फॉर्म्युल्यात 'फॉ', युनिटमध्ये 'यु', आकडेमोडीत 'आ'. आठवड्याच्या शेवटी अक्षरं मोजायची. आमच्याकडे 'यु' आणि 'आ' यांचीच गर्दी निघाली, 'फॉ' अगदी मोजके. ते पाहून पोरीचा चेहरा किती हलका झाला म्हणून सांगू! आपल्याला फिजिक्स येत नाही अशी समजूत करून घेतली होती तिने.

दुसरा आठवडा जे अक्षर जास्त निघालं त्याच्या डागडुजीचा. 'आ' जास्त असतील तर मोबाइल दुसऱ्या खोलीत. आपल्या बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालतं. आणि घरी? घरी वर्षभर मोबाइलवरच बोटं फिरतात. आपणही बघून न बघितल्यासारखं करतो, कारण तेवढ्यात अभ्यास लवकर उरकतो. मग परीक्षेत लॉगटेबल समोर आलं की बारच्या भानगडीत मुलं गडबडतात.

त्यावर एक सोपी युक्ती आहे. दहाचे घात आधी बाजूला काढून त्यांची बेरीज-वजाबाकी तोंडी करायची आणि लॉग फक्त उरलेल्या साध्या आकड्यांचा घ्यायचा. वरच्या उदाहरणात उणे चौतीस अधिक आठ अधिक एकोणीस, म्हणजे उणे सात. हे झालं की टेबलात बघायचे ते फक्त १९.८९ आणि ६.७२. त्यांचे लॉग १.२९८६ आणि ०.८२७४, वजाबाकी ०.४७१२, त्याचा अँटिलॉग साधारण २.९६. बार कुठे मध्ये आलाच नाही.

'वा' जास्त असतील तर साबणाच्या फुग्याचं उदाहरण द्या. ४ सेंटिमीटर व्यासाचा फुगा फुगवायला किती कार्य करावं लागेल, सरफेस टेन्शन ०.०३ न्यूटन प्रति मीटर. दिसायला साधं, पण आत तीन खड्डे. दिलाय व्यास, फॉर्म्युल्यात लागते त्रिज्या. फुग्याला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन पृष्ठभाग, म्हणून 4πr²T नाही, 8πr²T. आणि सेंटिमीटरचे मीटर करताना त्यांचाही वर्ग होतो.

W = 8 × 3.142 × (2 × 10⁻²)² × 0.03 = 3.016 × 10⁻⁴ J

गंमत म्हणजे चुकलेलं उत्तरच सांगतं कुठे घसरलं ते. नेमकं निम्मं आलं तर एक पृष्ठभाग विसरला. चौपट आलं तर व्यासच त्रिज्या म्हणून घातला. सरळ तीन ज्यूल आले तर सेंटिमीटर तसेच राहिले. तीन ज्यूल म्हणजे साधारण तीनशे ग्रॅमची वस्तू एक मीटर उचलण्याइतकी ऊर्जा, फुंकरीने होणाऱ्या फुग्याला ती कशाला लागेल? हे मुलाला आपण समजावून सांगायचं नाही, त्यालाच शोधू द्यायचं. सापडलं की डोळे चमकतात.

याच आठवड्यात धड्यांची निवडही करा. सुरुवात 'ड्युअल नेचर' आणि 'अणू व केंद्रके' या दोन धड्यांपासून करावी. फॉर्म्युले थोडे, तेच ते कॉन्स्टंट्स पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे हात बसतो. मग करंट इलेक्ट्रिसिटी. सुरुवातीलाच रोटेशनल डायनॅमिक्स हातात दिलं तर खचलेलं मूल आणखी खचतं, मग तो धडा पुस्तकात पहिला का असेना. पुस्तकातली सोडवून दिलेली उदाहरणं उत्तराच्या भागावर कागद ठेवून सोडवायची आणि अडलं की कागद एकेक ओळ खाली सरकवायचा. नुसतं वाचून 'कळलं' म्हणणं हा मोठा भ्रम असतो.

तिसऱ्या आठवड्यात मोठे धडे घ्या: रोटेशनल डायनॅमिक्स, ऑसिलेशन्स, सुपरपोझिशन. पण आता धड्याच्या नावाखाली नको. 'ऑसिलेशन्स' असं वर लिहिलं असेल तर फॉर्म्युला कुठला हे अर्धं कळूनच जातं, आणि पेपरात धड्याचं नाव छापलेलं नसतं. आम्ही वेगवेगळ्या धड्यांतली उदाहरणं झेरॉक्स करून त्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. चिठ्ठी काढायची, काय दिलंय, काय विचारलंय, कुठला फॉर्म्युला आणि युनिट काय बदलायचं एवढंच लिहायचं. आकडेमोड करायचीच नाही. अर्ध्या तासात आठ-दहा चिठ्ठ्या सहज होतात. आणि हे खरं आईवडिलांना जमणारं काम आहे. चिठ्ठी तुम्ही काढून द्या, "काय दिलंय रे?" एवढं विचारा, बस्स. तो अडखळला तरी उत्तर सुचवू नका. आपल्याला घाई असते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, पण तेवढी दोन मिनिटं गप्प बसायला हवं. मला हे सगळ्यात अवघड गेलं.

चौथ्या आठवड्यात पूर्ण पेपर, तोही दोन किंवा फार तर तीन. पेपर ज्या वेळेला असेल त्याच वेळी, तीन तास सलग, लॉगटेबल जवळ. लेखी पेपर ७० गुणांचा असतो. दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ आणि चार गुणांचे पाचपैकी तीन प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे जी न्यूमरिकल्स अंगावर येतात त्यातली काही सोडून देण्याची मुभा पेपरातच आहे. कुठली घ्यायची आणि कुठली सोडायची, याचाही सराव घरीच व्हायला हवा. मूल एखादं सोडून देतंय म्हणून आपण कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत.

आणि जे घेतलं ते मध्येच अडलं तर खोडून टाकायचं नाही. दिलेल्या किमती, फॉर्म्युला, किमती घातलेली ओळ एवढं तरी कागदावर राहू द्यावं, कारण गुण पायऱ्यांना असतात. शेवटचं उत्तर युनिटसकट लिहायचं. नुसता आकडा लिहिला तर हातचा गुण जाऊ शकतो.

चार आठवड्यांत सगळी न्यूमरिकल्स येतील असं मी म्हणणार नाही. ज्याचे 'फॉ'च ढिगाने निघाले त्याला हा वेळ कमी पडेल. त्याने चार-पाच धडे धरावेत, बाकीच्यांचे फॉर्म्युले नुसते पाठ करावेत आणि थिअरीवर भर द्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटच्या दोन दिवसांत नवीन उदाहरण नको. समासातली अक्षरं एकदा चाळायची, कॉन्स्टंट्स लिहून बघायचे, झोप पुरी करायची. आणि एक काम तुम्ही करा. लॉगटेबल स्वतःचं न्यायचं की केंद्रावर मिळतं, हे कॉलेजात आताच विचारून ठेवा, पेपरच्या आदल्या रात्री नको.