रजिस्टरातील अक्षरे आणि एडिथ पीची

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातील स्त्री-डॉक्टर कोठे शिकली हे मेडिकल रजिस्टरावरून कळते का?

उत्तर : पूर्णपणे नाही. 1858च्या कायद्यान्वये ब्रिटनमध्ये त्या काळी छापले जाणारे मेडिकल रजिस्टर, म्हणजे अधिकृत नोंदवही, नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि पात्रता एवढेच सांगते. पात्रता म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे नाव, शिकवणाऱ्या संस्थेचे नव्हे. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या नावापुढील ‘एल. के. क्यू. सी. पी. आय.’ ही अक्षरे डब्लिनच्या कॉलेजचा 1877चा परवाना दर्शवतात; त्यावरून त्या डब्लिनला शिकल्या असे मानणे ही नेहमीची चूक होय. वस्तुतः त्यांचे शिक्षण 1869पासून एडिंबरोत झाले, तेथे पदवी नाकारली गेल्यावर त्यांनी बर्नची एम. डी. मिळवली, आणि परदेशी पदवीवर नोंदणी होत नसल्याने डब्लिनची परीक्षा दिली.

शिक्षणसंस्था व नोकऱ्या शोधण्यासाठी मेडिकल डिरेक्टरी हे खासगी प्रकाशन पाहावे. मात्र त्यातील माहिती डॉक्टरांनी स्वतःच पुरवलेली असल्याने ती विद्यापीठाच्या दप्तराशी ताडून घेणे इष्ट. पत्ता हा व्यवसायाचा पुरावा नव्हे, कारण तो जुनाही राहू शकतो. म्हणून अनेक वर्षांचे अंक ओळीने पाहावेत. पीची 1883मध्ये मुंबईस आल्या व 1889मध्ये विवाहानंतर पीची-फिप्सन झाल्या, तेव्हा पुढील अंकांत दोन्ही आडनावे शोधावीत.