तिकीट की पास?

बाळा, अकरावीत क्रमचय आणि संचय, म्हणजे तुमचं पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, आलं की सूत्राकडे धावू नकोस. निवडलेल्यांपैकी दोघांची मनात अदलाबदल कर आणि बघ, काही वेगळं तयार झालं का? झालं तर क्रमचय, नाही झालं तर संचय.

आपल्या लोकलवरच बघ. विरार ते डहाणू रोड ही दोन्ही धरून ९ स्थानकं. त्यांच्यात एकेरी तिकिटं किती प्रकारची? निघायचं स्थानक ९ प्रकारे ठरेल, उतरायचं उरलेल्या ८ प्रकारे; ९ × ८ = ७२. बोईसर-डहाणूचं तिकीट काढून डहाणूहून बोईसरला जाता येत नाही, म्हणून ही दोन वेगळी मोजायची. आता पास किती प्रकारचे? पास तर जाता-येता दोन्हीकडे चालतो. म्हणजे ७२ मध्ये प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली; ७२ ÷ २ = ३६. स्थानकं तीच, निवडायचीही दोनच, तरी उत्तरं दोन.

म्हणून ‘निवडा’ किंवा ‘मांडा’ या शब्दांवर विसंबू नकोस. दोन स्थानकं ‘निवडून’ तिकीट छापा, असंही पेपरात येऊ शकतं. गोंधळ वाटला तर आकडे लहान कर. बोईसर, वाणगाव, डहाणू रोड एवढीच घे आणि सगळी यादी कागदावर लिही: तिकिटं ६, पास ३. तुझ्या रीतीने इथे ६ आणि ३ येत नसतील, तर मोठ्या आकड्यांवरही ती चुकणारच.

मुलं खरी अडतात ती अर्धा क्रम असलेल्या गणितात. समज, तलासरीच्या एका शाळेत ८ मुलं आहेत. सगळ्यांना तारपा वाजवता येतो आणि नाचताही येतं. त्यांतून ५ जणांचा संघ करायचा: एक तारपा वाजवणार, चौघं नाचणार. अदलाबदल करून बघ. तारपावाला आणि नाचणारा बदलले तर संघ वेगळा होतो. नाचणाऱ्या दोघांत बदल केला तर काहीच होत नाही, कारण कोण कोणाशेजारी उभा राहील हे प्रश्नात विचारलेलंच नाही.

मग दोन टप्पे कर. तारपावाला ८ प्रकारे. उरलेल्या ७ मधून चौघं क्रमाने घेतले तर ७ × ६ × ५ × ४ = ८४०; पण तेच चौघं आपसात ४ × ३ × २ × १ = २४ प्रकारे येतात, म्हणून ८४० ÷ २४ = ३५. एकूण ८ × ३५ = २८०.

कोणी नुसता पाचांचा संचय काढला तर ५६ येईल. त्यात तारपा कोणाकडे ते ठरलेलं नाही. ५६ ला ५ ने गुण, २८० मिळतील. कोणी पाचांचा क्रमचय काढला तर ६७२० येईल; त्यात नाचणारे २४ पट मोजले गेलेत. २४ ने भाग, पुन्हा २८०.