म्हशाच्या यात्रेतून गाभण गाय आणताना

पौष पौर्णिमेला म्हसा इथे म्हसोबाची यात्रा भरते, आणि किन्हवली परिसरातल्या घराघरांत त्याआधीच जनावरांच्या खरेदीची बोलणी सुरू होतात. भात झोडून झालेलं असतं, हातात थोडा पैसा असतो. यात्रेत बैलजोडी घेणाऱ्याला मी इथे फार काही सांगणार नाही. त्याने दात, खूर, चाल पाहावी. हा लेख दुभतं किंवा गाभण जनावर घेणाऱ्यासाठी आहे, कारण अशा जनावराबरोबर डोळ्यांना न दिसणारा एक रोग गोठ्यात येऊ शकतो आणि तिथून दुधावाटे चुलीपर्यंत पोचतो. त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. डॉक्टर ब्रुसेल्लोसिस म्हणतात.

समजा तुम्ही यात्रेत सात महिन्यांची गाभण संकरित गाय घेतली. अंगाने भरलेली, कास चांगली, खातेपिते नीट. महिनाभरात ती गाभडली. वासरू मेलेलं पडलं आणि वार अडकून राहिली. घरात कुणी म्हणेल प्रवासाचा धसका बसला, कुणी म्हणेल शिंग लागलं असेल. असंही होऊ शकतं. पण पाचव्या महिन्यानंतर गाभडलेली आणि वार न पडलेली प्रत्येक गाय-म्हैस तपासणी होईपर्यंत या रोगाची संशयित धरा. पडलेलं वासरू, वार आणि नंतर काही दिवस अंगावाटे जाणारा स्राव यांत रोगाचे जंतू प्रचंड संख्येने असतात. शेजारची गाय ते चाटते, त्याने भिजलेला पेंढा खाते आणि तिलाही लागण होते. थंडीच्या दिवसांत, सावलीतल्या ओल्या जागी हे जंतू बराच काळ जिवंत राहतात. कडक ऊन त्यांना लवकर मारतं.

खरी फसगत पुढच्या वर्षी होते. एकदा गाभडलेली गाय पुढच्या खेपेला बहुतेक वेळा पूर्ण दिवसांचं वासरू देते. मालकाला वाटतं, गाय सुधारली. प्रत्यक्षात जंतू तिच्या कासेत आणि कासेजवळच्या गाठींत मुक्काम ठोकून असतात आणि पुढची कित्येक वर्षं अधूनमधून दुधात उतरतात. दूध नासत नाही, रंग बदलत नाही, चव बदलत नाही. म्हणून जिच्या पाठीशी वासरू आहे ती गाय निर्धोक, हा यात्रेतला ठोकताळा इथे चालत नाही.

मग पारखायचं कसं? आधी कान पाहा. सरकारी नोंद असलेल्या जनावराच्या कानात बारा अंकी टॅग असतो आणि त्या क्रमांकावर लसीकरणाची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यात पाहता येते. केंद्र सरकारने 2019 साली लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्लोसिस यांचा राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेल्लोसिसची लस टोचली जाते, आयुष्यात एकदाच. अशी लस झालेली कालवड मिळाली तर तिला पसंती द्या. ही लस जिवंत जंतूंची असते. ती नर वासराला देत नाहीत, गाभण जनावराला देत नाहीत आणि ती कुणी घरी टोचायची नाही. सुई चुकून माणसाच्या बोटात गेली तर माणसालाच रोग होऊ शकतो. मोठ्या वयात टोचली तर पुढे रक्ततपासणीत लशीचा परिणाम कोणता आणि रोग कोणता हे ओळखणं अवघड जातं. त्यासाठीच चार ते आठ महिन्यांचं वय ठरवलेलं आहे.

दुसरी पायरी रक्ततपासणीची. रक्तातला पाण्यासारखा भाग वेगळा करून त्याचा एक थेंब गुलाबी औषधाच्या एका थेंबात मिसळतात आणि चार मिनिटांत कण गोळा होतात का ते पाहतात. तपासणी स्वस्त आहे. पण तिची मर्यादा पैसे मोजण्याआधीच समजून घ्या: नुकतीच लागण झालेल्या किंवा दिवस भरत आलेल्या जनावराचा निकाल कधीकधी निर्दोष येतो आणि ते व्यायल्यानंतर दोषी ठरतं. म्हणून घरी आणलेलं जनावर महिनाभर वेगळं बांधा, त्याचा पाण्याचा डोण वेगळा ठेवा, महिन्यानंतर पुन्हा रक्त तपासून घ्या आणि गाभण असेल तर व्यायल्यावर तीन-चार आठवड्यांनी आणखी एकदा. वेगळा गोठा नसेल तर परसातल्या झाडाखाली बांधा, पण व्यायची वेळ आली की बाकीच्या गाई तिथे फिरकता कामा नयेत.

गाय गाभडलीच तर पहिला नियम असा की उघड्या हातांनी वार ओढायची नाही. आपल्याकडे घरातला जाणता माणूस किंवा शेजारी हात घालतो. हाताला भेगा असतात, नखाजवळ चिरा असतात. जंतूंना तेवढी वाट पुरते. पशुवैद्यकाला बोलवा. तो येईपर्यंत काही उचलावं लागलंच तर हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकच्या जाड पिशव्या हातावर चढवा, तोंडाला फडकं बांधा. घरातल्या गरोदर बाईला आणि लहान मुलांना लांब ठेवा. वासरू आणि वार चार फूट खोल खड्ड्यात चुन्यासह पुरा. नुसती ओढ्यात टाकली किंवा उकिरड्यावर फेकली तर कुत्री ती गावभर ओढत नेतात आणि पुढच्या गोठ्याला रोग पोचवतात. जागेवरचं शेण आधी खरवडून काढा, मगच जंतुनाशक ओता. शेणावर ओतलेली ब्लीचिंग पावडर वाया जाते.

तपासणीत गाय दोषी निघाली तर काय, हा प्रश्न मला सगळ्यात जड वाटतो. परदेशात अनेक ठिकाणी अशी गाय कत्तलीला जाते. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंश हत्याबंदी आहे. औषधाने गाय भरवशाने बरी होत नाही. म्हणजे ती तुमच्याकडेच राहणार. अशा वेळी तिला पुढच्या बाजारात खपवण्याचा मोह होतो. तसं करू नका. 2009 च्या जनावरांच्या सांसर्गिक रोग प्रतिबंधक कायद्याने हा रोग कळवणं बंधनकारक आहे आणि आजारी जनावर बाजारात नेणं गुन्हा आहे. शिवाय तुम्हाला फसवणाऱ्याने तरी काय वेगळं केलं होतं? तिला वेगळं ठेवा, वेगळं व्यायला लावा, दूध शेवटी काढा आणि घरची बाकीची जनावरं तपासून घ्या.

आता दुधाचं. कासेखाली पेला धरून धारोष्ण दूध पिणं अंगाला मानवतं अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. वाड्यापाड्यांवर लहान मुलाला शेळीचं कच्चं दूध देतात, कारण ते पचायला हलकं मानतात. शेळ्या-मेंढ्यांत या जंतूची जी जात असते ती माणसाला गाईच्या जातीपेक्षा जास्त त्रास देते. याचा धडा माल्टा बेटावर मिळाला. तिथल्या इंग्रज सैनिकांना लांबणारा ताप येई. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने 1887 साली त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे अठरा वर्षं कळलं नाही. 1905 साली थेमिस्टोक्लीस झामित या माल्टीज डॉक्टरला तो तिथल्या धडधाकट, दूध देणाऱ्या शेळ्यांत सापडला. पुढच्या वर्षी सैन्याने शेळीचं दूध बंद केलं आणि सैनिकांमधला ताप ओसरला.

आपल्याला दूध बंद करायची गरज नाही. एक पूर्ण उकळी पुरते. दूध वर येऊन बुडबुडे फुटू लागले की मंद आचेवर ढवळत एक-दोन मिनिटं राहू द्या. कोमट करून उतरवलेलं दूध उकळलेलं नव्हे. दही नेहमी उकळलेल्या दुधाला विरजण लावूनच करा. कच्च्या दुधाचं दही आंबट झालं म्हणून निर्धोक होत नाही. खरवस चांगला वाफवलेला असेल तर खुशाल खा, पण कच्चा चीक चाखू नका.

दुधाखेरीज जनावरांपासून मिळणाऱ्या चामडं आणि लोकर यांची गोष्ट वेगळी आहे, तिथे खरी भीती काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची. चरायला गेलेलं जनावर एकाएकी मरून पडतं, पोट झपाट्याने फुगतं, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतं. साप चावला असं म्हणून ते सोडू नका, आणि सोलायला तर अजिबात काढू नका. न फाडलेल्या मढ्यात हे जंतू सडण्याबरोबर काही दिवसांत मरतात. सुरी लागून रक्ताला हवा मिळाली की त्यांचे कवचबंद बीजाणू होतात आणि ते जमिनीत कित्येक दशकं टिकतात. कातड्याला मीठ लावून, वाळवून ते मरत नाहीत. कातडं काढणाऱ्याच्या हातावर आधी खाज येणारी पुळी उठते, मग फोड, मग मध्यभागी काळी खपली. ती दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. ओडिशाच्या कोरापुट जिल्ह्यात मेलेल्या जनावराचं मांस कापून खाल्ल्यामुळे अशा साथी पुन्हा पुन्हा आल्या आहेत.

अशा मढ्याच्या कानाच्या टोकातून पशुवैद्यक रक्ताचा थेंब घेऊन काचेवर तपासतो. फाडायची गरजच पडत नाही. मग मढं त्याच जागी जाळतात किंवा सहा फुटांहून खोल पुरतात. वारेच्या खड्ड्यात चुना सांगितला, इथे मात्र तो टाळा: जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार चुन्यातलं कॅल्शियम या बीजाणूंना टिकायलाच मदत करू शकतं.

लोकरीतही हेच बीजाणू बसतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड शहरात बाहेरदेशची लोकर निवडणारे गिरणी कामगार श्वासावाटे तो रोग घेऊन दोन-चार दिवसांत मरत. म्हणून म्हशाच्या यात्रेत घोंगडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. जिवंत, निरोगी मेंढीच्या लोकरीच्या घोंगडीला घाबरायचं कारण नाही. दिवाळीनंतर घाट उतरून आपल्या शेतांत मेंढ्या बसवणाऱ्या धनगर बांधवांनाही विनंती एवढीच, की अचानक मेलेल्या मेंढीची लोकर कातरून घेऊ नये आणि गाभडलेल्या मेंढीची वार शेतात तशीच टाकू नये. शेतमालकाने त्यासाठी खड्डा खणून द्यावा.

शेवटी दवाखान्यात काय सांगायचं ते. संध्याकाळी चढणारा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, कंबर आणि सांधे ठणकणं, पुरुषांत अंडाची सूज असं आठवडेच्या आठवडे चाललं आणि हिवताप-टायफॉईडच्या औषधांनी उतार पडला नाही, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा: आमच्या गोठ्यात गाय गाभडली होती, मी वार काढली होती, मी कच्चं दूध प्यालो होतो. डॉक्टर ते विचारतीलच असं नाही. या तापावर दोन औषधं मिळून साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या सोडल्या तर तो उलटतो. काळ्या खपलीची पुळी दिसली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ती वेळेत साध्या प्रतिजैविकांनी बरी होते.

जनावर गाभडलं किंवा एकाएकी मेलं, तर हात लावण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 या निःशुल्क क्रमांकावर फोन करा.